स्वरलिपीखालचे शब्द उतरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंदिशींच्या जुन्या पुस्तकांची पाने फोटो काढून पाठवणारे आणि ‘यातले फक्त शब्द हवे आहेत, स्वर नकोत’ असे म्हणणारे पुष्कळ जण भेटतात. काम दिसायला सोपे असते, पण पहिल्या दोन ओळींतच अडते. ज्या प्रश्नांची उत्तरे मला पुन्हा पुन्हा लिहावी लागली, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरे पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या लेखनपद्धतीला धरून आहेत, कारण येणारे बहुतेक फोटो याच पद्धतीच्या पुस्तकांचे असतात. इतर पद्धतींसाठी प्रश्न ११ आणि १२ पाहावेत.

१. पानावर एकाखाली एक तीन ओळी दिसतात. त्यांतली शब्दांची कोणती?

मधली. भातखंडे पद्धतीत सर्वांत वर स्वर, त्याखाली गीताची अक्षरे आणि तळाशी तालाची चिन्हे छापतात. समेला ×, खालीला ० आणि टाळ्यांना २, ३ असे आकडे असतात. उभ्या रेघा तालाचे विभाग दाखवतात.

गोंधळ होतो तो स्वर आणि शब्द एकाच लिपीत असल्यामुळे. ‘रे’, ‘ग’, ‘म’, ‘प’, ‘नि’ ही अक्षरे दोन्ही ओळींत येऊ शकतात. फोटोचा तुकडा पुसट असेल आणि ओळ वरची की खालची ते कळत नसेल, तर लांबवण्याची खूण पाहावी. स्वर लांबतो तेव्हा आडवी छोटी रेघ (-) देतात आणि शब्दातले अक्षर लांबते तेव्हा अवग्रह (ऽ) देतात. ज्या ओळीत ऽ आहे, ती शब्दांची ओळ.

काही पुस्तकांत स्वरलिपीच्या आधी संपूर्ण गीत सलग छापलेले असते. फोटो पाठवणारा ते पान अनेकदा वगळतो, म्हणून आधीचे पान मागवून घ्यावे. पुढची सगळी खटपट कधी कधी एवढ्यानेच वाचते.

२. ऽ हे चिन्ह उतरवायचे की सोडायचे?

सोडायचे. ऽ म्हणजे ‘मागच्या अक्षराचा स्वर आणखी एक मात्रा चालू ठेवा’ अशी गायकाला दिलेली सूचना आहे. ‘श्या ऽ ऽ म’ हा शब्द ‘श्याम’ असाच उतरवावा. ऽ च्या संख्येवरून अक्षर ह्रस्व की दीर्घ हे ठरवू नये. ‘म ऽ न’ असे छापले असले तरी शब्द ‘मन’च असतो, ‘मान’ नव्हे. एकच खरा अपवाद प्रश्न ८ मध्ये दिला आहे.

३. फोटो कसा काढावा, म्हणजे नंतर पुन्हा पुस्तक उघडावे लागणार नाही?

एका फोटोत एकच पान घ्यावे आणि फोन पानाला समांतर धरावा. दोन पाने एकत्र घेतली की शिवणीकडचा भाग आत वळतो, तिथले रकाने अरुंद दिसू लागतात, आणि स्वर व त्याखालचे अक्षर एकमेकांपासून सरकल्यासारखे वाटतात. शब्द उतरवण्यासाठी स्वर नको असले तरी हे सरकणे चालत नाही, कारण शंका आली की वरचा स्वर पाहूनच ती मिटवावी लागते. त्याचे कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

दिव्याच्या थेट उजेडापेक्षा खिडकीचा पसरलेला उजेड बरा. फोन ज्या काळ्या-पांढऱ्या ‘कागदपत्र’ रूपात फोटो बदलतो, ते रूप टाळावे, कारण अक्षरे ठळक करताना ते बारीक टिंबे पुसून टाकते आणि अनुस्वार त्यांतच जातात.

४. अक्षरे सुटी सुटी आहेत. त्यांचे शब्द कसे करायचे? एखादे उदाहरण द्याल का?

कोणत्याही पुस्तकातले न घेता नमुन्यासाठी दोन ओळी मीच रचल्या आहेत. ताल त्रिताल, म्हणजे सोळा मात्रा, आणि सुरुवात नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून. स्वरांची ओळ काढून टाकली तर पान असे दिसेल:

सां ऽ झ भ | ई ऽ घ र | आ ऽ ए ऽ | ना ऽ ह रि

बा ऽ ट त | क त नै ऽ | न न नीं ऽ | द न आ ई

पहिल्या फेरीत उभ्या रेघा आणि ऽ काढून सगळी अक्षरे सलग लिहावीत, आणि शब्द तोडण्याची घाई करू नये: ‘सांझभईघरआएनाहरि’ आणि ‘बाटतकतनैनननींदनआई’. दुसऱ्या फेरीत मोठ्याने वाचून शब्द तोडावेत. तेव्हा ‘सांझ भई घर आए ना हरि, बाट तकत नैनन नींद न आई’ असे हाती येते.

येथे लक्षात घेण्याची गोष्ट ही, की उभ्या रेघेचा आणि शब्दाचा काहीही संबंध नाही. ‘भई’ हा शब्द रेघेच्या अलीकडे-पलीकडे फुटला आहे आणि ‘तकत’चेही तसेच झाले आहे. रेघ तालाची असते. नवखा माणूस रेघ दिसली की जागा सोडतो आणि ‘सांझभ ईघर’ असे काहीतरी लिहून बसतो. हाच नियम स्वरांखालच्या कमानीलाही लागू आहे. एका कमानीखाली दोन-तीन अक्षरे दाटीने आली, तर ती एका मात्रेत म्हणायची आहेत एवढाच त्याचा अर्थ होतो. ती एकाच शब्दातली असतीलच असे नाही.

शेवटी मोजणी करावी. पहिल्या ओळीत ११ अक्षरे आणि ५ अवग्रह, मिळून १६. दुसरीत १३ आणि ३, मिळून १६. एका मात्रेत एकच अक्षर किंवा एकच अवग्रह असलेल्या साध्या ओळीत बेरीज तालाच्या मात्रांइतकी आली नाही, तर काहीतरी गळले आहे असे समजावे. वरच्या दुसऱ्या ओळीत तीन ‘न’ जवळजवळ आहेत. त्यांतला एक सुटला तर ‘नैन नींद’ असे ठीकठाक दिसणारे रूप तयार होते, पण मोजणी १५ येते आणि चूक पकडली जाते.

५. शब्द दोन प्रकारे तुटतो आणि दोन्ही बरोबर वाटतात. मग काय करावे?

या कामातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे, कारण बंदिशींची भाषा बहुधा ब्रज असते आणि आपला कान मराठीचा.

वरच्याच नमुन्यातले ‘ना ऽ ह रि’ पाहा. ते ‘ना हरि’ असे वाचले तर हरी आलेला नाही. पण ब्रजभाषेत ‘नाह’ हा शब्द नाथ, प्रियकर या अर्थाने येतो आणि ‘री’ हे सखीला मारलेल्या हाकेचे रूप आहे. म्हणून ‘आए नाह री’ असे तोडले तर प्रियकर घरी आलेला आहे, म्हणजे अर्थ थेट उलटा झाला. अक्षरे मात्र जवळपास तीच.

निर्णय तीन गोष्टींवरून घ्यावा. पहिली छापलेला इकार: येथे ‘रि’ ह्रस्व आहे आणि हाकेचे ‘री’ सहसा दीर्घ छापतात. मात्र या पुराव्यावर फार भार टाकू नये, कारण स्वरलिपीत ह्रस्व-दीर्घ सैल असतात. दुसरी शेजारची ओळ: पुढे ‘बाट तकत’, म्हणजे वाट पाहणे, आले आहे आणि झोप नाही असेही म्हटले आहे. जो घरी आला त्याची वाट कोण पाहील? म्हणून ‘ना हरि’. तिसरी अंतरा: स्थायीत संदिग्ध राहिलेले अनेकदा अंतऱ्यात उलगडते, म्हणून अंतरा उतरवून होईपर्यंत स्थायीतले शब्द पक्के करू नयेत.

‘नैनन’चे तसेच. मराठी वाचक ‘नैन न’ असे तोडतो, कारण ‘नैनन’ हे ब्रजभाषेतले अनेकवचनी रूप त्याच्या ओळखीचे नसते. ‘नैनन’, ‘सखियन’, ‘चरनन’ अशा रूपांची सवय झाली की निम्म्या शंका उरत नाहीत.

तिन्ही पुरावे वापरूनही निर्णय होत नसेल, तर एक रूप मजकुरात ठेवून दुसरे तळटीपेत द्यावे. गाऊन दाखवणारे जाणकार उपलब्ध असतील तर त्यांना विचारावे, परंतु घराण्यागणिक पाठ बदलतात, तेव्हा त्यांनी सांगितलेला पाठ आणि पुस्तकातला पाठ एकमेकांत मिसळू नये.

६. अक्षराच्या डोक्यावर टिंब दिसते. ते अनुस्वार आहे की स्वराचे?

ही फसगत फक्त याच कामात होते. भातखंडे पद्धतीत मंद्र सप्तकातल्या स्वराखाली टिंब देतात. स्वरांची ओळ वर आणि शब्दांची खाली असल्यामुळे मंद्र स्वराचे टिंब थेट शब्दातल्या अक्षराच्या डोक्यावर येते. मूळ पानावर दोहोंत थोडे अंतर असते, पण फोटोत ते मिटते आणि ‘बसत’चे ‘बंसत’ होते.

स्वराखालच्या इतर खुणाही असाच त्रास देतात. कोमल स्वराखालची आडवी रेघ खालच्या अक्षराच्या शिरोरेषेला चिकटून दिसते. एका मात्रेतले स्वर बांधणारी कमान अर्धचंद्रासारखी दिसते, आणि कमान व मंद्राचे टिंब एकत्र आले की चंद्रबिंदूच तयार होतो.

तपासण्याची पद्धत अशी. वरचा स्वर कोणता ते पाहावे. त्याच्या मागचे-पुढचे स्वर खाली उतरत उतरत षड्जाच्या पलीकडे गेले असतील, तर टिंब मंद्राचे असण्याचा संभव मोठा. वर गांधार-पंचमाच्या आसपास स्वर फिरत असतील, तर ते टिंब अनुस्वाराचेच. मग त्याच पानावरचा निःसंशय अनुस्वार असलेला एखादा शब्द शोधून टिंबाचे शिरोरेषेपासूनचे अंतर ताडून पाहावे. छपाईत अनुस्वार शिरोरेषेला जवळ बसतो आणि मंद्राचे टिंब स्वराला जवळ. अर्थावरून ठरवणे सर्वांत शेवटी ठेवावे, कारण ‘रग’ आणि ‘रंग’ दोन्ही शब्द असतात.

७. पुस्तकातल्या ओळीप्रमाणे उतरवले, तर गाण्याच्या ओळी भलत्याच ठिकाणी तुटतात. असे का?

कारण काही पुस्तकांत प्रत्येक आडवी ओळ समेपासून सुरू होते. नमुन्यातली चीज खालीपासून उठते. अशा पुस्तकात पहिल्या ओळीचे आठ रकाने रिकामे राहतील आणि उरलेल्या आठांत ‘सांझ भई घर’ येईल. दुसरी ओळ ‘आए ना हरि बाट तकत नै’ अशी संपेल आणि तिसरी ‘नन नींद न आई सांझ भई घर’ अशी होईल. ‘नैनन’ शब्दच दोन ओळींत फुटला, आणि पुढच्या ‘सांझ भई घर’मुळे नवे कडवे सुरू झाल्यासारखे वाटते.

म्हणून चीज कोणत्या मात्रेपासून उठते ते आधी पाहावे आणि तेथून एक पूर्ण आवर्तन मोजावे. ते झाले की गाण्याची ओळ बहुधा तेथे संपते. रिकामे रकाने म्हणजे हरवलेले शब्द नव्हेत. ‘फोटोत पहिले अर्धे पान कोरे आले आहे’ अशी तक्रार माझ्याकडे एकदा आली होती. ते पान तसेच छापलेले होते.

त्या तिसऱ्या ओळीच्या शेवटचे ‘सांझ भई घर’ हा परत आलेला मुखडा आहे. केवळ शब्द उतरवताना मुखडा एकदाच, सुरुवातीला लिहावा. अंतऱ्याच्या शेवटी तो पुन्हा छापलेला असेल तर तोही गाळावा. मात्र परत येताना एखादा शब्द बदलला असेल, तर ती पुनरावृत्ती नसून पाठभेद आहे आणि तो नोंदवायला हवा. खाली आलाप-तानांच्या ओळी दिल्या असतील तर त्यांतला आकार सोडून द्यावा.

८. ऽ नेहमीच सोडायचा म्हणता, मग संस्कृत पदांचे काय?

संस्कृतमध्ये अवग्रह हा लेखनाचा भाग आहे: ‘सोऽहम्’मध्ये तो लुप्त झालेल्या ‘अ’ची जागा दाखवतो. स्वरलिपीत ‘सो ऽ हं ऽ’ असे आले, तर पहिला ऽ मात्रेचा की व्याकरणाचा हे चिन्हावरून सांगता येत नाही, कारण आकार एकच आहे. संधी सोडवून पाहावी. ‘सः अहम्’ असा विग्रह होतो, म्हणून ‘सोऽहं’ लिहावे आणि शेवटचा ऽ सोडावा. ‘ए’ किंवा ‘ओ’ नंतरचाच अवग्रह असा तपासावा लागतो. इतर स्वरांनंतरचा बिनधास्त गाळता येतो.

यासाठीच, संगणकावर टंकलेल्या मजकुरातून सगळे ऽ एका फटक्यात काढण्याचा मोह संस्कृत पदांपुरता आवरावा.

९. सरगम आणि तराण्यात शब्दच नसतात. तिथे काय उतरवायचे?

सरगमगीतात स्वरांची नावे हेच गीत असते, त्यामुळे ‘स्वर वगळून शब्द’ असे काही उरत नाही. अशा पानापुढे ‘सरगम, शब्द नाहीत’ एवढी नोंद पुरते.

तराण्यात ‘तनन’, ‘देरेना’, ‘तदानी’, ‘तोम्’ असे बोल असतात. त्यांना कोशातला अर्थ नसल्यामुळे प्रश्न ५ मधली अर्थाची कसोटी येथे चालत नाही. परिचित बोल ओळखून गट करावेत आणि जेथे ओळखता येत नाहीत, तेथे अक्षरे सुटीच ठेवावीत.

खरा पेच चतरंगाचा. त्यात काव्य, तराण्याचे बोल, सरगम आणि पखवाजाचे बोल असे चार प्रकार एकाच रचनेत येतात. त्यातल्या सरगमीच्या जागी वरच्या ओळीतही ‘नि ध प’ आणि खालच्या ओळीतही ‘नि ध प’ छापलेले असते. उतरवणाऱ्याला वाटते की स्वर चुकून दोनदा छापले, आणि तो खालची ओळ गाळतो. ती गाळू नये. खालच्या ओळीत जे आहे ते गायचे आहे, म्हणून ते गीताचा भाग आहे.

१०. जुन्या मराठी पदांत ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘जेव्हां’ असे अनुस्वार आहेत. ते काढून आजच्या पद्धतीने लिहावे का?

मूळ नोंद म्हणून उतरवत असाल तर काढू नयेत. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले. त्याआधीच्या छपाईत ते शुद्धच होते. गाण्यासाठी वेगळी प्रत हवी असेल तर ती आजच्या लेखनाने करावी, परंतु दोन्ही प्रती स्वतंत्र ठेवाव्यात. हे टिंब खरोखर अनुस्वारच आहे ना, हे मात्र प्रश्न ६ प्रमाणे आधी पाहावे.

११. माझ्या पुस्तकात अक्षरांच्या मध्ये ऽ ऐवजी टिंबे आहेत आणि स्वरांखाली निराळ्याच खुणा आहेत.

ती पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांची पद्धत असावी. तीत शब्दातले अक्षर लांबवण्यासाठी टिंब वापरतात, तेव्हा प्रश्न २ मध्ये ऽ बद्दल जे सांगितले ते येथे त्या टिंबाला लावावे. स्वरांखालच्या खुणा मात्रांचा काळ दाखवतात. त्यांतली × आणि ० ही चिन्हे भातखंडे पद्धतीतही आहेत, पण येथे त्यांचा अर्थ सम आणि खाली असा नाही. म्हणून आवर्तन मोजताना (प्रश्न ७) पद्धत कोणती याची आधी खात्री करावी.

१२. पाश्चात्त्य पाच रेघांच्या स्वरलेखनाखाली शब्द असतील तर?

तेथे शब्द तोडणे उलट सोपे आहे, कारण एकाच शब्दाच्या तुकड्यांमध्ये संयोगरेषा असते आणि दोन शब्दांमध्ये ती नसते. शब्दानंतर तळाशी लांबत गेलेली रेघ म्हणजे शेवटचे अक्षर लांबवण्याची खूण होय. ती सोडून द्यावी. चूक होते ती कडव्यांत. एकाच सुरावटीखाली १, २, ३ अशी तीन कडवी एकाखाली एक छापतात. वरून खाली वाचत गेले तर तिन्ही कडव्यांच्या पहिल्या ओळी एकत्र येतात. १ क्रमांकाची ओळ धरून पानाच्या शेवटापर्यंत जावे, मग वर येऊन २ ची ओळ धरावी.

१३. फोटोतला मजकूर आपोआप ओळखणारी सोय वापरली तर वेळ वाचेल का?

पूर्ण पान दिले तर वाचत नाही. अशा सोयी सलग मजकुरासाठी केलेल्या असतात, त्यामुळे स्वर, शब्द आणि तालचिन्हे एकमेकांत मिसळून येतात आणि ऽ च्या जागी इंग्रजी अक्षर किंवा आकडा पडतो. फोटोतून फक्त शब्दांची पट्टी कापून एकेक ओळ दिली तर निकाल बराच सुधारतो. पण पट्टी कापताना वरच्या स्वराखालचे टिंब आत राहिले, तर प्रश्न ६ मधली चूक तुमच्या हातून होण्याऐवजी यंत्राकडून होते एवढेच. चार-सहा ओळींच्या बंदिशीसाठी हाताने उतरवणेच मला लवकर जमते.

१४. स्वर घेतलेच नाहीत, फक्त शब्द घेतले, तर हक्काचा प्रश्न येत नाही ना?

येतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृती आणि तिच्यासोबत गायचे शब्द वेगळे मानले आहेत. संगीतकृतीत स्वरलेखन येते, शब्द येत नाहीत. ते साहित्यकृती म्हणून संरक्षित असतात. स्वर वगळल्याने गीतकाराचा हक्क कमी होत नाही.

मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि ती पुढच्या वर्षारंभापासून मोजतात. भातखंडे १९३६ साली वारले. मुदत ६० वर्षांची होण्याआधी ती ५० वर्षांची होती, तेव्हा त्यांनी स्वतः रचलेल्या आणि हयातीत प्रसिद्ध झालेल्या गीतांची मुदत १९८६ अखेरच संपली. मात्र पुस्तक जुने आहे म्हणून त्यातली प्रत्येक रचना मोकळी झाली असे होत नाही, आणि नंतरच्या आवृत्तीत संपादकाने घातलेल्या स्वतःच्या बंदिशींचा हिशेब वेगळा असतो. म्हणून शब्दांसोबत रचनाकाराचे नाव, पुस्तकाची आवृत्ती आणि पान क्रमांक उतरवून ठेवावा. तो फोटोत बहुधा कापला गेलेला असतो, तेव्हा पान परत मागवतानाच विचारून घ्यावा.